पडद्यावरचा भाव आणि खात्याचा भाव: आयसोलेटेड व क्रॉस मार्जिन

[दृश्य: काळोख्या खोलीत उजळलेला ट्रेडिंगचा पडदा. एकाच पोझिशनच्या दोन ओळी. एकीसमोर ४५,२२६, दुसरीसमोर ३८,१९१.]

पडद्यावर दिसणाऱ्या या दोन पोझिशन जवळजवळ जुळ्या आहेत. दोन्हींत एक बिटकॉइन विकत घेतलेला आहे, दोन्हींची खरेदी ५०,००० डॉलरला झालेली आहे आणि दोन्हींवर दहापट लेव्हरेज लावलेले आहे. दोघा ट्रेडरांच्या खात्यांत एकूण रक्कमही सारखीच, म्हणजे १२,००० डॉलर आहे. असे असूनही एकाची पोझिशन ४५,२२६ ला सक्तीने बंद होईल आणि दुसऱ्याची ३८,१९१ पर्यंत टिकेल, असे पडदा सांगतो. फरक आहे तो पोझिशन उघडताना निवडलेल्या एका पर्यायाचा: पहिल्याने आयसोलेटेड मार्जिन निवडले, म्हणजे या एका पोझिशनपुरते वेगळे तारण; दुसऱ्याने क्रॉस, म्हणजे सगळ्या खात्याचे सामाईक तारण.

हे आकडे कसे आले, ते आधी पाहू. दहापट लेव्हरेज म्हणजे ५०,००० च्या व्यवहारासाठी ५,००० डॉलर तारण ठेवणे. भाव घसरला की तोटा या तारणातून वजा होत जातो. मात्र तारण शून्य होईपर्यंत एक्स्चेंज थांबत नाही. पोझिशनच्या चालू मूल्याचा एक ठरावीक हिस्सा नेहमी शिल्लक राहिला पाहिजे, अशी अट असते आणि त्या हिश्शाला मेंटेनन्स मार्जिन म्हणतात. आपल्या उदाहरणात तो अर्धा टक्का धरला आहे. पोझिशनचा आकार वाढत गेला की हा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, पण एका बिटकॉइनसाठी अर्धा टक्का हे गृहीत पुरेसे आहे. तारणातून तोटा वजा जाता उरलेली रक्कम आणि मेंटेनन्स मार्जिन ज्या भावाला समान होतात, तोच लिक्विडेशनचा, म्हणजे पोझिशन सक्तीने बंद होण्याचा भाव.

[दृश्य: कागदावर हाताने मांडलेली वजाबाकी.]

आयसोलेटेडमध्ये या पोझिशनच्या नावावर फक्त ५,००० डॉलर आहेत. ५०,००० मधून ५,००० वजा केले की ४५,००० उरतात आणि मेंटेनन्सच्या अर्ध्या टक्क्यासाठी त्यांना ०.९९५ ने भागले की ४५,२२६ हा भाव मिळतो. क्रॉसमध्ये रीत तीच आहे. फक्त वजा होणारी रक्कम ५,००० ऐवजी खात्यातली सगळी, म्हणजे १२,००० असते. उरलेल्या ३८,००० ला ०.९९५ ने भागले की ३८,१९१ येतात. दोन पद्धतींतला गणिती फरक एवढाच आहे.

या फरकाचा एक परिणाम मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आयसोलेटेड पोझिशनचे लेव्हरेज दहापटीवरून वीसपट केले आणि आकार तसाच ठेवला, तर तारण २,५०० वर येते आणि लिक्विडेशनचा भाव ४७,७३९ इतका वर सरकतो. हाच बदल क्रॉसमध्ये केला तर लिक्विडेशनचा भाव जागचा हलत नाही, कारण तिथे पोझिशनला आधार देणारी रक्कम आधीही १२,००० होती आणि नंतरही तेवढीच राहते. क्रॉसमध्ये लेव्हरेजचा आकडा केवळ किती रक्कम अडकवून ठेवायची आणि आणखी किती पोझिशन उघडता येतील, हे ठरवतो. खरे लेव्हरेज म्हणजे पोझिशनचे मूल्य भागिले खात्यातली रक्कम, आणि ते इथे चारपटीहून थोडेसे अधिक आहे. माझ्या मते पडद्यावरच्या ठळक ‘दहापट’ या शब्दापेक्षा हा भागाकार अधिक उपयोगाचा आहे.

[दृश्य: रात्रीचा आलेख. एक लांब मेणबत्ती खाली उतरते आणि परत वर येते.]

आता दोन रात्रींची कल्पना करू. पहिल्या रात्री भाव काही मिनिटांसाठी ४४,८०० पर्यंत कोसळतो आणि पहाटेपर्यंत ५०,००० च्या वर परततो. आयसोलेटेडवाल्याची पोझिशन ४५,२२६ लाच बंद झालेली असते. त्याच्या ५,००० मधले ४,७७४ तोट्यात जातात, उरलेले मेंटेनन्सचे सुमारे २२६ बहुधा लिक्विडेशनच्या शुल्कात आणि एक्स्चेंजच्या विमानिधीत जिरतात आणि खात्यात ७,००० सुखरूप राहतात. क्रॉसवाल्याच्या खात्यात तळाच्या क्षणी ६,८०० डॉलर शिल्लक दिसत होते. त्याची पोझिशन टिकली आणि सकाळी तोटाही उरला नाही. दुसऱ्या रात्री भाव परतत नाही, ३८,००० च्या खाली जातो. आयसोलेटेडवाला पुन्हा तेच ५,००० गमावतो. क्रॉसवाला मात्र ३८,१९१ ला बाहेर फेकला जातो, तेव्हा त्याचा तोटा ११,८०९ डॉलर झालेला असतो. म्हणजे खाते रिकामे. लिक्विडेशनचा भाव दूर नेण्याची किंमत क्रॉस अशी वसूल करते.

इथे ज्या भावाबद्दल आपण बोलतो आहोत, तो शेवटच्या सौद्याचा भाव नसून मार्क प्राइस असतो, हेही सांगितले पाहिजे. अनेक बाजारांतल्या भावांवरून काढलेल्या निर्देशांकाच्या आधाराने एक्स्चेंज तो ठरवते, जेणेकरून एकाच ठिकाणच्या क्षणिक उसळीने कोणाची पोझिशन बंद होऊ नये.

[दृश्य: त्याच खात्यात दुसरी ओळ उमटते.]

इथपर्यंत क्रॉसचा हिशोब सोपा होता, कारण खात्यात एकच पोझिशन होती. आता हाच ट्रेडर दुसऱ्या एका कॉइनचे दहा नग २,००० च्या भावाने, म्हणजे एकूण २०,००० डॉलरचे, क्रॉसमध्येच घेतो. या कॉइनचे मेंटेनन्स एक टक्का आहे असे धरू. खरेदी होताच बिटकॉइनचा लिक्विडेशनचा भाव ३८,१९१ वरून ३८,३९२ होतो, कारण नव्या पोझिशनच्या मेंटेनन्सचे २०० डॉलर सामाईक रकमेतून बाजूला ठेवावे लागतात. हा बदल किरकोळ वाटतो आणि ट्रेडर निर्धास्त राहतो. पुढे तो दुसरा कॉइन १५ टक्क्यांनी पडतो. बिटकॉइन ५०,००० वरच उभा आहे, त्या पोझिशनला कोणी हात लावलेला नाही, तरी तिच्यासमोरचा आकडा आता ४१,३७७ दाखवतो.

हे का घडले? क्रॉसमध्ये लिक्विडेशनचा भाव त्या पोझिशनचा गुणधर्म नसतो. ‘खात्यातले बाकी सगळे आत्ता आहे तिथेच थांबले, तर ही एक वस्तू कुठवर पडू शकेल’ या प्रश्नाचे ते उत्तर असते. बाजारात बाकी सगळे थांबत नाही. बिटकॉइन पडतो तेव्हा इतर कॉइनही बहुधा त्याच्याबरोबर आणि पुष्कळदा त्याच्याहून जोरात पडतात. म्हणून खात्याला खरा प्रश्न असा विचारला पाहिजे: दोन्ही कॉइन सारख्याच टक्क्याने पडले, तर खाते कुठे संपेल?

याचे गणित कठीण नाही. खात्यात १२,००० आहेत. दोन्ही पोझिशनचे मूल्य मिळून ७०,००० आहे आणि त्यांचे मेंटेनन्स २५० अधिक २००, म्हणजे ४५० आहे. १२,००० मधून ४५० वजा केले की ११,५५० उरतात. त्यांना ७०,००० वजा ४५०, म्हणजे ६९,५५० ने भागायचे. उत्तर येते १६.६ टक्के. एवढी सामाईक घसरण झाली की बिटकॉइन सुमारे ४१,७०० वर असेल आणि नेमके त्याच वेळी खाते लिक्विडेशनला येईल. पडद्याने दाखवलेला भाव ३८,३९२ होता, म्हणजे खात्याचा खरा कडा त्याच्या सुमारे ३,३०० डॉलर आधीच लागतो. एक्स्चेंजने खोटे काही सांगितलेले नसते. तिने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते.

[दृश्य: तारणाच्या रकमेचा आकडा हळूहळू कमी होताना.]

क्रॉसच्या भावाला सरकवणारी आणखी दोन कारणे आहेत. एक सावकाश काम करते. परपेच्युअल, म्हणजे मुदत नसलेल्या करारांत खरेदीदार आणि विक्रेते ठरावीक तासांनी एकमेकांना जी रक्कम देतात, ती म्हणजे फंडिंग. दर आठ तासांनी ०.०१ टक्का द्यावा लागला, तर एका बिटकॉइनवर दिवसाला १५ डॉलर आणि महिन्याला ४५० डॉलर सामाईक रकमेतून जातात. एकट्या बिटकॉइनच्या खात्यात तेवढ्याने भाव ३८,१९१ वरून ३८,६४३ होतो. दुसरे कारण अचानक येते: तारण स्वतःच पडते. १० ऑक्टोबर २०२५ रोजी क्रिप्टो बाजारात लिक्विडेशनची प्रचंड लाट आली, तेव्हा यूएसडीई हे एक डॉलरच्या आसपास राहणे अपेक्षित असलेले कॉइन एका मोठ्या एक्स्चेंजवर ०.६५ डॉलरपर्यंत घसरले. ज्यांनी तेच कॉइन सामाईक तारण म्हणून ठेवले होते, त्यांच्या सगळ्याच पोझिशनचा आधार पोझिशन पडत असतानाच आटला.

आयसोलेटेडमध्ये हा भाव इतर पोझिशनमुळे हलत नाही. तिथे तो मुख्यतः मालकाच्या हाताने हलतो: घसरणीत आणखी २,००० डॉलर घातले तर ४५,२२६ चा भाव ४३,२१६ होतो. असे दोन-तीनदा घातले की मर्यादित तोट्याची मूळ कल्पना संपते आणि हाताने चालवलेले क्रॉसच उरते.

[दृश्य: पुन्हा पहिला पडदा. दुसऱ्या कॉइनच्या ओळीसमोर ‘आयसोलेटेड’ हा शब्द.]

मग दुसरा कॉइन आयसोलेटेडमध्ये घेतला असता तर? समजा त्याच्या नावे ४,००० डॉलर वेगळे काढले आणि बिटकॉइनच्या मागे क्रॉसमध्ये ८,००० राहिले. बिटकॉइनचा लिक्विडेशनचा भाव ४२,२११ येतो, जो ३८,३९२ च्या तुलनेत अंगावर येणारा वाटतो; पण दुसरा कॉइन कितीही पडला तरी हा आकडा तिथेच राहतो. त्या कॉइनचा स्वतःचा भाव १,६१६ ठरतो. सारख्याच टक्क्याने घसरण झाली तर बिटकॉइन १५.६ टक्क्यांवर बंद होतो आणि दुसरा कॉइन १९.२ टक्क्यांपर्यंत टिकतो, तर दोन्ही क्रॉसमध्ये असताना खाते १६.६ टक्क्यांवर संपत होते. ही निवड खरेदीच्या आधी करावी लागते, कारण पोझिशन उघडी असताना तिचा प्रकार बदलू देणे अनेक एक्स्चेंज नाकारतात.