लाजाळू माणसाने कोणता धंदा करावा? आधी माणसं मोजा!

नमस्कार मंडळी! तर आज शेवटी तो विषय. गेले कित्येक आठवडे कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय: "ताई, मला लोकांशी बोलायला जमत नाही, फोन वाजला की पोटात गोळा येतो, पण स्वतःचं काहीतरी करायचंय. काय करू?" आणि त्याखाली दहा जण उत्तर देतात, ऑनलाइन विक्री कर! घरी बसून कर! कोणाचं तोंड बघायला नको!

या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. ज्यांनी दिलाय त्यांनी एकदा ऑनलाइन दागिने विकणाऱ्या माणसाचा फोन हातात घेऊन बघावा. "अव्हेलेबल आहे का?" "शेवटची किंमत?" "रंग फोटोसारखाच आहे ना?" "अजून पोचलं नाही." "परत कसं करायचं?" तोंड दिसत नाही हे खरं, पण दिवसभर अनोळखी माणसंच की. धंदा घरून आहे म्हणजे तो एकट्याचा आहे असं नसतं.

म्हणून धंदा निवडताना आधी भांडवल नाही, आवड नाही, एक आकडा काढा. हा धंदा पोट भरण्याइतका चालायला वर्षाला किती *नवी* माणसं लागतील? दिवसाला तीन छोट्या वस्तू विकायच्या, तर वर्षाला हजाराच्या वर गिऱ्हाइकं. त्यातली काही परत येतील, पण बहुतेक नवी. आणि असं काम, जिथे एक गिऱ्हाईक वर्षातून पाच मोठी कामं देतं? तिथे तीन माणसं पुरतात. तीन! तुम्हाला त्यांची नावं, सवयी, चिडायच्या वेळा, सगळं पाठ होतं. लाजाळू माणसाला माणसांचा त्रास नसतो हो, नव्या माणसांचा असतो.

या हिशेबात बसणारे धंदे भरपूर आहेत, पटापट सांगते. छोट्या व्यावसायिकांची खाती लिहिणं, सबटायटल्स, तांत्रिक अनुवाद, वाद्यांची किंवा घड्याळांची दुरुस्ती जिथे दुकानदार माल पाठवतो, रोपं वाढवून घाऊक नर्सरीला देणं. सगळ्यांवर बोलत बसले तर रात्र होईल. एकच घेते, कारण ते मी स्वतः केलंय: पुस्तकाची मांडणी.

म्हणजे काय? लेखकाने कॉम्प्युटरवर टाइप केलेला मजकूर येतो, तो पानांत बसवायचा. समास, अक्षरांचा आकार, प्रकरणाची सुरुवात, पानांचे आकडे, तळटिपा, अनुक्रमणिका. शेवटी छापखान्याला चालेल अशी पीडीएफ द्यायची. सॉफ्टवेअर इनडिझाइन किंवा फुकट हवं तर स्क्रायबस. ते शिकायचे व्हिडिओ ढिगाने आहेत, मी नाही शिकवत बसणार.

काम कसं दिसतं ते मात्र दाखवते. समजा साठ हजार शब्दांचं पुस्तक आहे. पानाला साधारण तीनशे शब्द धरले तर दोनशे पानं. तुम्ही मांडलं आणि शेवटी निघाली 203. आता छापखाना पानं सुटी छापत नाही, फॉर्म्यात छापतो. एक फॉर्मा सोळा पानांचा, गरज पडली तर अर्धा, आठ पानांचा. दोनशे म्हणजे साडेबारा फॉर्मे, बरोब्बर बसले. 203 म्हणजे तेरा फॉर्मे लागणार, 208 पानं, त्यातली पाच कोरी, आणि कागद छपाईचा खर्च उगाच वाढलेला. मग तुम्ही काय करता? एखाद्या प्रकरणाच्या शेवटी पानावर दोनच ओळी लोंबकळत असतात. त्या आधीच्या पानात ओढून घेता. असं तीन प्रकरणांत केलं की तीन पानं गेली. कोणी टाळ्या वाजवत नाही, पण छापखानेवाला पुढच्या वेळी तुम्हालाच काम देतो.

पुस्तकाच्या कण्याची जाडीही तशीच. दोनशे पानं म्हणजे शंभर कागद. एक कागद 0.1 मिलिमीटर जाड असेल तर कणा दहा मिलिमीटर, वर मुखपृष्ठाच्या कागदाची जाडी. कागदाची खरी जाडी छापखान्याला विचारून घ्यायची, अंदाजाने नाही. नाहीतर कण्यावरचं नाव सरकून पुढच्या मुखपृष्ठावर येतं.

बरं, आता पुन्हा माझ्या आकड्याकडे येऊ, कारण कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, "ताई, पण लेखक तर अनोळखीच ना?" हो! म्हणूनच थेट लेखकाला गिऱ्हाईक करू नका. लेखक आयुष्यात एक-दोन पुस्तकं काढतो. म्हणजे प्रत्येक कामाला नवा माणूस, नवी ओळख, नवी भीती. त्यापेक्षा ज्याच्याकडे लेखक सतत येतात तो धरा. छोटा प्रकाशक, छापखाना, स्वतंत्र संपादक, मुद्रितशोधक. यांना प्रत्येक लेखक विचारतो, "मांडणी कोण करून देईल?" लेखकाशी गोड बोलायचं काम त्यांचं, तुमच्याकडे येते फाईल. तुमच्या वाट्याचे थोडे पैसे ते ठेवतात, आणि तुम्ही ते आनंदाने ठेवू द्यायचे. तो बोलण्याचा पगार आहे, तुम्हाला जे करायचं नाहीये त्याचा.

मग या तीन माणसांपर्यंत पोचायचं कसं, फोन न करता? नमुना करायचा. एक फॉर्मा, सोळा पानं. स्वामित्वहक्क संपलेला जुना मजकूर किंवा तुमचंच काही लिखाण घ्या आणि मुद्दाम त्रासदायक गोष्टी त्यात घाला: एक कविता, एक तक्ता, दोन तळटिपा, एक चित्र. नुसती सरळ गद्याची पानं कोणीही मांडतं. कवितेची लांब ओळ पानात मावत नाही तेव्हा तुम्ही ती कुठे मोडता, हे बघूनच जाणकार तुम्हाला जोखतो. ती पीडीएफ आणि चार ओळींचा मजकूर, बस. कोणाला पाठवायची? आधी ओळखीतल्या संपादकाला, अनुवादकाला, शाळेतल्या मित्राच्या मामाला जो छापखान्यात आहे. लिहायचं काय? "मी मांडणी करते, नमुना जोडलाय, तुमच्याकडे काम जास्त झालं तर कळवा." यात विकणं नाही. घाईच्या दिवसांत छापखान्यात मांडणी करणारा आजारी पडतो तेव्हा तुमची फाईल उघडली जाते.

एका दादांनी मागच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, "उत्तर आलं नाही तर?" तर नाही आलं! महिन्याभराने एकदा नवा नमुना पाठवा आणि गप्प बसा. रोज "काही काम आहे का" विचारणं तुम्हालाही नको असतं आणि त्यांनाही.

आता खरा त्रास कुठे होतो ते सांगते, कारण तो माणसं शोधण्यात नाही, नंतर आहे. लाजाळू माणूस नाही म्हणत नाही. मजकूर पानांत बसला, तपासायला प्रूफ गेलं, आणि रात्री निरोप येतो, "एकच छोटा परिच्छेद वाढवायचाय." एक परिच्छेद सत्तेचाळिसाव्या पानावर घातला की पुढची सगळी पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते, आणि साडेबाराचे पुन्हा तेरा फॉर्मे! माझ्याकडे एका पुस्तकात प्रस्तावनाच तीनदा बदलली होती. तेव्हा तोंडाने भांडायला जमणार नसेल तर कागदाला भांडू द्या.

[स्क्रीनवर प्रश्नावली]

काम घेण्याआधी ही प्रश्नावली पाठवते. पानाचा आकार काय, शब्द किती, चित्रं किती, छापील की ई-बुक. आणि मग दोन महत्त्वाचे प्रश्न. मजकूर अंतिम आहे का? दुरुस्त्या शेवटी कोण ठरवणार, एकाच माणसाचं नाव द्या. हा दुसरा प्रश्न विसरलात तर लेखक, त्याची बायको आणि प्रकाशक तिघं तीन याद्या पाठवतात. झालं, तुमची नव्या माणसांची संख्या एका पुस्तकात तिप्पट!

खाली अटी. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरलेल्या पैशांत. तिसरीपासून पानाप्रमाणे वेगळे. दुरुस्ती यादीनेच घेणार: पान, ओळ, चुकीचं, बरोबर. फोनवरून सांगितलेली घेणार नाही. हे उद्धटपणाचं वाटतं ना? पण जाणत्या माणसाला बरंच वाटतं, कारण फोनवर "तिथे वेलांटी दीर्घ कर" म्हटल्यावर "कुठे" हे तोही विसरलेला असतो.

आणि पैसे. मागायला जीव जातो, माहितीये मला. मग मागायची वेळच येऊ देऊ नका. अर्धे पैसे काम सुरू करण्याआधी. प्रूफच्या प्रत्येक पानावर आडवं फिकट "प्रूफ" लिहिलेलं. उरलेले अर्धे आले की स्वच्छ, छपाईची फाईल जाते. तारीख छापखान्याने आधीच ठरवलेली असते, त्यामुळे घाई त्यांना असते, तुम्हाला नाही.

आता तोटा. तीन गिऱ्हाइकं म्हणजे एक गेलं की तिसरा हिस्सा गेला. त्यातलं एक फार मोठं झालं तर तो धंदा नाही, बिनपगारी रजेची नोकरी झाली. निम्म्याहून जास्त काम एकाकडून यायला लागलं की चौथा माणूस शोधायला घ्यायचा, हातात काम असतानाच. रिकामे असताना शोधलं की आवाजात अजिजी येते, लिहिण्यातही येते.

आणि हो, दरवेळी विचारतात म्हणून, "बिनचेहऱ्याचा व्हिडिओ चॅनल काढू का?" अहो, चेहरा लपवाल, कमेंट कोण वाचणार? मीच वाचतेय ना तुमच्या, रोज सकाळी. परत तोच आकडा काढा, चॅनलला वर्षाला किती नवी माणसं लागतात!

प्रश्नावलीची कोरी प्रत खाली वर्णनात ठेवलीय. तुमचं काम मांडणीचं नसेल, खाती किंवा अनुवादाचं असेल, तर वरचे चार प्रश्न बदला, खालचे दोन तसेच राहू द्या. पुढच्या वेळी घाऊक रोपांवर बोलू, त्यावर एका बाईंनी लांबलचक कमेंट लिहिलीय आणि त्या माझ्यापेक्षा खूप जास्त जाणतात.