‘नको’ म्हटल्यावर हात थांबला पाहिजे

उद्यापासून तुमची लेबर रूमची ड्युटी सुरू होईल. आतून तपासणी, म्हणजे आपण दिवसभर जिला ‘पीव्ही’ म्हणतो ती, कशी करायची हे तुम्ही वाचलेलेच आहे. ती कधी करायची नाही आणि सुरू केल्यावर कधी सोडून द्यायची, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

मी रेसिडेंट असतानाची एक रात्र सांगते. एक पहिलटकरीण रात्री नऊला दाखल झाली, तेव्हा गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडलेले होते. साडेदहाला एका इंटर्नने शिकायला मिळावे म्हणून तपासले आणि चार सांगितले. साडेअकराला मी गेले. तिने टाचा गादीत रोवल्या, कंबर उचलली आणि ‘ताई, नको’ म्हणाली. मी ‘झालंच, झालंच’ म्हणत तपासणी पूर्ण केली आणि पाच लिहिले. कागदावर अडीच तासांत काहीच प्रगती दिसेना, म्हणून कळा वाढवण्यासाठी सलाइनमधून ऑक्सिटोसिन देण्याचे ठरले. ड्युटीवरच्या जुन्या सिस्टर मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, आधी पोटावर हात ठेवून बघा.’ पोटावरून तपासले तर बाळाचे डोके दाखल होतानाच्या मानाने बरेच खाली उतरलेले होते. आम्ही थांबलो. एकच्या सुमारास तिला आपोआप जोर येऊ लागला.

माझा तो ‘पाच’ मुळातच अंदाज होता, कारण इतक्या आवळलेल्या स्नायूंमधून बोटांना नीट काही कळत नाही. शिवाय वेगवेगळ्या हातांच्या मापांत एखाद्या सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. तीन तपासण्यांनी त्या मुलीला त्रास दिला, आणि आम्हाला मिळालेली माहितीही चुकीची निघाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार जोखीम नसलेल्या बाईची सक्रिय कळांच्या काळात नियमित तपासणी चार तासांच्या अंतराने पुरेशी असते, आणि अनेकांनी पाठोपाठ तपासणे टाळायचे असते. बाळाचे ठोके बिघडले किंवा जोर येऊ लागला, तर अर्थातच आधी तपासावे लागते. रक्तस्राव होत असेल तर मात्र वार खाली नाही याची सोनोग्राफीने खात्री होईपर्यंत बोट आत जाताच कामा नये.

मग तुम्ही शिकायचे कसे? जी तपासणी तिच्यासाठी करायचीच आहे, ती वरिष्ठांच्या समोर तुम्ही करा. वरिष्ठांना खात्रीसाठी लगेच पुन्हा बघावे लागणार असेल, तर ‘दोघी तपासणार आहोत’ हे तिला आधीच सांगून विचारा. केवळ तुमच्या सरावासाठी वेगळी तपासणी नको. स्वतःची ओळखही खरी करून द्या: ‘मी शिकाऊ डॉक्टर आहे, मॅडम इथेच आहेत. मी तपासलं तर चालेल का? नाही म्हणालात तर मॅडम तपासतील.’ हे ती आडवी होण्यापूर्वी आणि दोन कळांच्या मध्ये विचारायचे. कळ भरात असताना हललेली मान ही संमती नव्हे. दाखल होताना नवऱ्याने फॉर्मवर केलेली सही तर नाहीच नाही. समीरा कोहली प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका उपचाराची संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही, आणि रुग्ण सज्ञान व सक्षम असताना दुसऱ्याने दिलेली संमती चालत नाही, हे स्पष्ट केले. भूल दिलेल्या बाईची शिकण्यासाठी तपासणी करायची असेल, तर ती शुद्धीत असताना त्याच कारणासाठी वेगळी लेखी परवानगी हवी.

तिने होकार दिल्यावर लघवी करून यायला सांगा, पडदा ओढा, गुडघ्यांपर्यंत चादर घाला आणि तिची आई, बहीण किंवा सिस्टर डोक्याशी उभी राहू द्या. ‘पाय फाक’ असे म्हणायचे नाही. ‘गुडघे बाजूला सोडा’ म्हणा. निर्जंतुक हातमोजे घातल्यावर ‘आता हात लावते’ असे सांगा, दुसऱ्या हाताने योनीचे ओठ अलग करा, आधी एकच बोट ठेवून स्नायू सैल होण्याची वाट पहा आणि मगच दुसरे बोट न्या. नजर तिच्या चेहऱ्यावर आणि पायांवर ठेवा. पायाची बोटे मुडपली, मांड्या जवळ आल्या किंवा श्वास रोखला गेला, तर बोटे स्थिर ठेवून विचारा. ती ‘नको’ म्हणाली, तर माप अर्धवट राहिले तरी हलकेच बोटे बाहेर काढा. कळा, पोटावरून डोक्याची जागा आणि बाळाचे ठोके यांवरून पुढचा निर्णय बहुतेक वेळा घेता येतो. आणि खरोखर निकड असेल, तर वरिष्ठांनी तिला कारण सांगून पुन्हा विचारायचे असते.

तपासणी झाल्यावर चादर सारखी करून काय आढळले ते पहिल्यांदा तिला सांगा, मग आम्हाला. आणि तिने नकार दिला असेल तर नोंदीत ‘सहकार्य केले नाही’ असे लिहायचे नाही. ‘आतून तपासणीस रुग्णाने नकार दिला, पोटावरून तपासले, बाळाचे ठोके ठीक, पुन्हा विचारण्याची वेळ अमुक’ असे लिहून खाली तुमची सही करा.