'बाइम्बाइ'चं 'बाइ' कसं झालं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. नव्या भाषेचं व्याकरण समाजात कसं घडतं, हा विषय मोठा आहे आणि वेळ थोडा, म्हणून मी आज बहुतेक सगळा वेळ एकाच शब्दावर घालवणार आहे. भाषा आहे टोक पिसिन, देश पापुआ न्यू गिनी, आणि शब्द आहे 'बाइम्बाइ'. इंग्रजीत एके काळी 'बाय अँड बाय' असं म्हणत, म्हणजे 'थोड्या वेळानं', 'पुढेमागे'. त्यातून हा आला.

आधी पार्श्वभूमी. पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्वीन्सलँडचे उसाचे मळे आणि सामोआचे नारळाचे मळे यांसाठी पॅसिफिकच्या बेटांवरून हजारो मजूर नेले गेले. शेजारी उभ्या असलेल्या दोन मजुरांना एकमेकांची भाषा येत नसे आणि मुकादमाची तर दोघांनाही नसे. कामापुरतं जे बोलणं तयार झालं, त्याला आपण पिजिन म्हणतो. मजूर मुदत संपवून परतले तेव्हा हे बोलणंही सोबत घेऊन आले. 1884 ते 1914 या काळात न्यू गिनीच्या ईशान्य भागावर जर्मनांची सत्ता होती. तिथल्या मळ्यांवर, बोटींवर, पोलिसांत ते बोलणं रुजलं. शब्द बहुतेक इंग्रजीतले, काही रबाउल भागातल्या तोलाई लोकांच्या भाषेतले, थोडे जर्मन.

पिजिन म्हणजे मोडकीतोडकी इंग्रजी, असा एक समज आहे. तो किती चूक आहे हे मराठी माणसाला पटवायला एक उदाहरण पुरतं. टोक पिसिनमध्ये 'युमी' आणि 'मिपेला' असे दोन शब्द आहेत. दोन्हींचं इंग्रजी भाषांतर एकच, 'वी'. पण 'युमी' म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. 'मिपेला' म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला वगळून. इंग्रजाला हा फरक फोड करून सांगावा लागतो, आपल्याला नाही. शब्दांचे तुकडे पाहिले तर सगळे इंग्रजी आहेत: 'यू', 'मी', 'फेलो'. फरक मात्र मजुरांच्या बेटांवरच्या भाषांमधला आहे, कारण त्यांच्यात आपण आणि आम्ही वेगळे असतात. शब्द मालकाचे, पण त्यांची घडण मजुरांच्या मनातली.

आता 'बाइम्बाइ'. पिजिनच्या सुरुवातीच्या अवस्थेत क्रियापदाला काळ नसतो. 'मि गो' म्हणजे मी गेलो, मी जातो, मी जाईन, काहीही. काळ सांगायचाच असेल तर वाक्याच्या सुरुवातीला एक सुटा शब्द ठेवायचा. 'बाइम्बाइ मि गो', थोड्या वेळानं मी जाणं. इथे 'बाइम्बाइ' हे साधं क्रियाविशेषण आहे. गरज असली तर वापरा, नसली तर सोडा. 'उद्या' असा शब्द वाक्यात असेल तर त्याची गरजच नाही.

पुढच्या काही दशकांत शब्द झिजला. 'बाइम्बाइ'चा 'बाइ' झाला. झिजण्यात नवल नाही. आपणही 'करतो आहे' लिहितो आणि 'करतोय' म्हणतो. नवल त्याच्या वागण्यात आहे. हा शब्द क्रियाविशेषण राहिला नाही, व्याकरणाचं चिन्ह झाला, हे ओळखायचं कशावरून? अर्थावरून ओळखता येत नाही, कारण अर्थ जवळपास तोच आहे. वागण्यावरून ओळखायचं.

पहिली खूण अशी की गरज नसतानाही तो येतो. 'टुमोरा बाइ मि काम', उद्या मी येईन. 'टुमोरा'नं भविष्य सांगून झालेलं आहे, तरी 'बाइ' हजर. एकामागोमाग पाच गोष्टी सांगायच्या असतील तर तो पाचही क्रियापदांबरोबर येतो. 'थोड्या वेळानं खाईन, थोड्या वेळानं पिईन, थोड्या वेळानं झोपेन' असं कोणी बोलत नाही. पण 'खाईन, पिईन, झोपेन' यातला 'ईन' आपण दरवेळी लावतोच, लावावाच लागतो. 'बाइ' त्या 'ईन'च्या जागी सरकत होता.

दुसरी खूण जागेची. 'बाइम्बाइ' वाक्याच्या दारात उभा राहायचा. 'बाइ' आत शिरला आणि क्रियापदाच्या जवळ सरकला. 'त्याचा भाऊ येईल' हे 'ब्राता बिलोंग एम बाइ इ काम' असं होतं: आधी कर्ता, मग 'बाइ', मग क्रियापद. 'मि' आणि 'यु' यांच्यासारख्या छोट्या सर्वनामांपुढे मात्र तो पहिल्या जागेवर चिवटपणे टिकून राहिला. व्याकरण सगळ्या खोल्या एका दिवसात बदलत नाही.

तिसरी खूण आघाताची. ज्या शब्दाला अर्थाचं वजन असतं त्यावर आपण जोर देतो. प्रत्ययावर कोणी जोर देत नाही. 'बाइ'वरचा जोर गेला आणि घाईच्या बोलण्यात तो नुसता 'ब' उरला.

हे सगळं कोणी केलं? इथे मला खरा वाद मांडायचा आहे. क्रिऑल म्हणजे ज्याला जन्मभाषा म्हणून बोलणारी मुलं मिळाली असं पिजिन, ही नेहमीची व्याख्या. तिच्यावरून भाषाशास्त्रज्ञ डेरेक बिकर्टन यांनी 1980च्या सुमारास एक धाडसी मत मांडलं. त्यांचं क्षेत्र हवाई बेटं. तिथल्या मळ्यांवर चिनी, पोर्तुगीज, जपानी, कोरियन, फिलिपिनो असे सगळे आले होते. त्यांचं पिजिन इतकं विस्कळीत होतं की जपानी मजूर क्रियापद शेवटी ठेवी, तर फिलिपिनो ते पुढे आणी. मुलांच्या कानांवर हा गोंधळ पडला आणि एका पिढीत त्यांनी त्यातून नियमबद्ध भाषा काढली. मग नियम आले कुठून? बिकर्टन म्हणाले, मुलाच्या मेंदूतच जन्मजात आराखडा असतो.

मत देखणं आहे, आणि देखण्या मतांबद्दल मला जरा संशय असतो. पुढे सारा रॉबर्ट्स यांनी हवाईचे जुने कागदपत्र पिढ्यांप्रमाणे लावून पाहिले. तिथे जन्मलेली पहिली पिढी आई-वडिलांची भाषाही बोलत होती. क्रिऑल घट्ट बसलं ते बरंचसं त्यापुढच्या पिढीत. एका पिढीच्या उडीऐवजी दोन पिढ्यांची चढण दिसली.

टोक पिसिनचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. ही भाषा कित्येक दशकं जवळपास कोणाचीच मातृभाषा नव्हती, तरी तिच्यावर प्रौढांचे संसार चालत, खटले चालत, प्रवचनं होत. मग लाए शहरासारख्या ठिकाणी वेगवेगळ्या गावांतून आलेल्या माणसांची लग्नं झाली, घरात टोक पिसिनच उरली, आणि मुलं ती पहिली भाषा म्हणून शिकली. म्हणजे तुलनेची आयती सोय झाली. एकाच घरात दुसरी भाषा म्हणून शिकलेले आई-वडील आणि तीच पहिली म्हणून शिकलेली मुलं. गिलियन सँकॉफ आणि सुझान लाबेर्ज यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला लाएमध्ये नेमकं हेच पाहिलं. ध्वनिमुद्रणं घेतली आणि प्रत्येक 'बाइ' मोजला: कुठे आला, जोर होता का, किती झिजला होता.

बिकर्टन बरोबर असते तर 'बाइ' मुलांच्या तोंडी व्याकरण आणि मोठ्यांच्या तोंडी सुटा शब्द दिसायला हवा होता. तसं दिसलं नाही. मोठी माणसंही तो गरज नसताना वापरत होती आणि क्रियापदाजवळ आणत होती. मुलांचा फरक वेगाचा आणि प्रमाणाचा होता. ती भराभर बोलत, 'बाइ'वर क्वचितच जोर देत आणि त्याला अधिक वेळा गिळत. मोठ्यांनी पायवाट पाडली होती, मुलं तिच्यावरून धावत गेली. मुलांनी काहीच केलं नाही असं मात्र नाही. जोर काढून टाकणं ही किरकोळ गोष्ट नव्हे, कारण जोर गेल्यावर शब्दाला परत सुटं होणं अवघड जातं.

पायवाट पाडणारे ती का पाडत होते, हे दुसऱ्या एका उदाहरणात जास्त स्वच्छ दिसतं. इंग्रजी 'हिअर'पासून टोक पिसिनमध्ये 'या' आला. (आपल्या 'या'शी त्याचा संबंध नाही, पण लक्षात ठेवायला बरा.) मूळ अर्थ 'इथे', मग 'हा, हाच'. गोष्ट सांगताना कोणी म्हणतो, 'मान या', हा माणूस. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतो, कोणता माणूस? बोलणारा थांबून खुलासा करतो आणि खुलासा संपला हे सांगायला पुन्हा 'या' म्हणतो: 'मान या, मि लुकिम एम आस्दे या, इ काम'. हा माणूस, मी त्याला काल पाहिलं ना, तोच, आला. अशी शेकडो संभाषणं होतात, मधला विराम जातो, सूर सपाट होतो. उरतं ते 'मी काल पाहिलेला माणूस आला' असं एकसंध वाक्य, ज्यात खुलाशाच्या दोन्ही बाजूंना 'या'चे कंस आहेत. 1976 साली सँकॉफ आणि पेनेलोपी ब्राउन यांनी ही वाटचाल मांडली. विशेषण उपवाक्य, जे आपल्याला शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात भेटलं, ते इथे समोरच्याला समजलं नाही या साध्या अडचणीतून उभं राहिलं.

म्हणूनच मी 'समाज' या शब्दावर जोर देतो. एकट्या माणसाला 'या'चे कंस लागत नाहीत, त्याला कोणता माणूस ते ठाऊकच असतं. आणि ज्याच्याशी दिवसातून दोनच वाक्यं बोलायची, त्याच्याशी बोलायलाही लागत नाहीत. मळ्यावरच्या पिजिनमध्ये ते नव्हते, कारण तिथे हुकूम होते, लांबलचक गोष्टी नव्हत्या. जेव्हा तीच भाषा अनोळखी माणसांशी तासन्‌तास बोलण्याची झाली, तेव्हा लागले. अर्थात यामुळे जन्मजात आराखड्याचा प्रश्न निकालात निघत नाही. मुलं नियम इतक्या सहजपणे का पकडतात, हे 'बाइ' सांगत नाही. तो एवढंच सांगतो की नियमाचा कच्चा माल मुलांच्या हाती येण्याआधीच मोठ्यांनी बराच मळून ठेवला होता.

आणि हे थांबलेलं नाही. टोक पिसिनमध्ये 'सावे' असा एक शब्द आहे, पोर्तुगीज 'जाणणे'वरून आलेला. 'मि सावे', मला माहीत आहे. त्याच शब्दाला क्रियापदापुढे ठेवलं की अर्थ सवयीचा होतो: 'मि सावे गो', मी नेहमी जातो. जो जाणतो तो करत असतो, असा हा प्रवास असावा. आता शहरातली तरुण मुलं सवयीसाठी 'मि सा गो' म्हणतात. 'माहीत आहे' म्हणताना मात्र 'सावे' अजून पूर्ण उच्चारतात. एका शब्दाचे दोन झाले आहेत. खेड्यातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार आहे की शहरातली पोरं फार भरभर बोलतात, काही कळत नाही.