तळ, भिंती आणि दोन तृतीयांश

श्रोतेहो, नमस्कार. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. नसली तरी चालेल, आकडे सोपे आहेत.

30 सेंटिमीटर बाजूचा एक चौरस पुठ्ठा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे चौरस कापून टाकायचे आणि कडा वर दुमडून बिनझाकणाचा खोका करायचा. कोपरे लहान कापले तर तळ ऐसपैस होतो, पण भिंती बुटक्या राहतात. मोठे कापले तर भिंती उंच होतात आणि तळ चिंचोळा. मग सर्वांत जास्त माल मावण्यासाठी कोपरा किती कापायचा?

पुठ्ठ्याच्या बाजूचा जेवढा भाग तळाला उरतो, त्याला एक्स म्हणू. हा अपूर्णांक 0 ते 1 च्या मध्ये असतो. तळाची बाजू झाली 30 गुणिले एक्स. उरलेली लांबी दोन भिंतींत वाटली जाते, म्हणून उंची झाली 15 गुणिले, एक वजा एक्स. घनफळ काढलं की 13,500 हा आकडा बाहेर येतो आणि आत उरतो एक्सचा वर्ग गुणिले, एक वजा एक्स. आपला खरा प्रश्न एवढाच आहे: हा गुणाकार जास्तीत जास्त किती होतो?

कॉलेजात याला कलनशास्त्र वापरतात. आपण शाळेतल्या मध्यांवर भागवू. ऋण नसलेल्या तीन संख्यांचा अंकगणिती मध्य त्यांच्या भूमितीय मध्यापेक्षा कधीच लहान नसतो. म्हणजे तिघांची बेरीज ठरलेली असेल, तर तिन्ही सारख्या असताना गुणाकार सर्वांत मोठा. दोन संख्या घेऊन पाहा: 4 आणि 6 चा गुणाकार 24, 5 आणि 5 चा 25. बेरीज दोन्हीकडे 10 च आहे.

आता आपल्या गुणाकारात तीन अवयव आहेत: एक्स, एक्स आणि एक वजा एक्स. तिन्ही सारखे केले तर एक्स येतो अर्धा, आणि गुणाकार एक अष्टमांश, म्हणजे 0.125. उत्तर मिळालं असं वाटतं. पण एक्सला 0.6 घेऊन पाहा. 0.36 गुणिले 0.4, म्हणजे 0.144. हा तर मोठा निघाला!

चूक कुठे झाली? त्या तिघांची बेरीज येते एक अधिक एक्स. ती एक्सबरोबर बदलते. ठरलेली बेरीज ही अटच आपण पाळली नाही. या पद्धतीत बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून गुणाकाराकडे वळण्याआधी बेरीज करून पाहावी. तिच्यात एक्स उरला असेल तर तिथेच थांबायचं.

बेरजेतून एक्स घालवायचा कसा? तो दोनदा अधिक आला आहे आणि एकदाच वजा. मग वजा असलेला अवयव दुप्पट करा. आता तीन संख्या झाल्या एक्स, एक्स आणि दोन वजा दोन एक्स. त्यांची बेरीज नेहमीच 2. मध्य आला दोन तृतीयांश, आणि गुणाकार त्याच्या घनापेक्षा, म्हणजे 27 पैकी 8 पेक्षा, मोठा होऊच शकत नाही. आपण एक अवयव दुप्पट केला होता, तेव्हा निम्मे करू: 27 पैकी 4, अंदाजे 0.148. मला या सगळ्यात ही दुपटीची चाल सर्वांत देखणी वाटते.

ही मर्यादा खरोखर गाठली जाते का, हेही पाहायला हवं. तिन्ही संख्या सारख्या हव्यात, म्हणून एक्स बरोबर दोन वजा दोन एक्स, म्हणजेच एक्स बरोबर दोन तृतीयांश. तो 0 ते 1 मध्ये बसतो. खोक्याचा तळ 20 सेंटिमीटर, कोपरा 5 सेंटिमीटरचा, घनफळ 2,000 घन सेंटिमीटर, बरोबर दोन लिटर. मघाचं अर्ध्याचं उत्तर धरलं असतं तर भरले असते 1,687.5 घन सेंटिमीटर.

बाराव्या शतकात शरफुद्दीन अल-तूसी या गणितीने घनसमीकरणांना उत्तर आहे की नाही हे ठरवताना असाच गुणाकार तपासला होता. तिथेही महत्तम किंमत दोन तृतीयांशावरच मिळते.

एक्स ऋण घेतला तर मात्र ही मर्यादा लागू पडत नाही. उणे 1 घ्या: वर्ग 1, एक वजा एक्स झालं 2, गुणाकार 2. मध्यांची असमानता ऋण संख्यांना चालत नाही, म्हणून सुरुवातीची 0 ते 1 ही अट सोडता येत नाही.

आता तुमच्यासाठी एक गणित. एक्सच्या वर्गाऐवजी घन घ्या, पुढे एक वजा एक्स तसंच ठेवा. या वेळी शेवटचा अवयव किती पट करायचा? उत्तर 256 पैकी 27 यायला हवं. नमस्कार.