चार ओळींत अरबी आठवडा

श्रोतेहो, नमस्कार. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी घरांतल्या लहान मुलांसाठी मी अरबीत एक छोटं बडबडगीत जुळवलं आहे. आठवड्याचे सातही वार त्यात क्रमाने येतात. आधी सावकाश ऐका.

अहद, इथ्नैन, थुलाथा,
थुम्म यातिल अर्बिआ,
वलखमीसु थुम्मल जुमुअह,
वस्सब्तु आखिरुस्सबअह.

म्हणजे, रविवार, सोमवार, मंगळवार, मग येतो बुधवार, आणि गुरुवार, मग शुक्रवार, आणि शनिवार सातांतला शेवटचा. पहिल्या दोन ओळींचं यमक मला मुद्दाम जुळवावं लागलं नाही. थुलाथा आणि अर्बिआ मुळातच सारख्या सुरावर संपतात.

अरबीत पहिल्या पाच वारांची नावं आकड्यांवरून पडली आहेत. एक म्हणजे वाहिद, त्याच कुळातला अहद. दोन म्हणजे इथ्नान, त्यावरून इथ्नैन. तीन, चार, पाच म्हणजे थलाथा, अर्बआ, खम्सा. त्यावरून थुलाथा, अर्बिआ, खमीस. मुलाला पाचापर्यंत अरबी आकडे येत असतील, तर पाच वार त्याला जवळजवळ आलेच म्हणायचे.

पण मोजणी रविवारपासून सुरू होते, आणि इथेच मुलं चुकतात. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली, त्यामुळे दुबईतल्या मुलाचा शाळेचा आठवडा सोमवारी सुरू होतो. ओमान, कुवेत, सौदी अरेबियात सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते आणि शाळा रविवारी उघडते. तिथल्या मुलाला अहद हा पहिला वार आहे हे आपोआप पटतं. दुबईतलं मूल मात्र सोमवारला एक धरतं. समजा, शाळेच्या सूचनेत 'यौमुल खमीस' लिहिलंय. यौम म्हणजे दिवस. मूल सोमवारपासून पाच बोटं मोजतं आणि शुक्रवार सांगतं, सूचना मात्र गुरुवारची असते. तुमचं मूल प्रत्येक वार एकाने पुढे सांगत असेल, तर त्याला शब्द येतात, फक्त मोजणीची सुरुवात चुकली आहे असं समजा. बोटांवर मोजताना अंगठ्याला अहद म्हणायला लावा.

खमीस ऐकून आपल्याकडच्या मुलांना अंगातला खमीस आठवणार. तो शब्दही अरबीतूनच आला, पण तिथे सदऱ्याच्या शब्दाच्या सुरुवातीला घशात खोलवरून काढलेला 'क' आहे. वाराच्या नावात घशात घासून येणारा 'ख' आहे. अरबी माणसाला हे दोन शब्द अगदी वेगळे ऐकू येतात.

सहाव्या दिवसापाशी आकडे थांबतात. शुक्रवार म्हणजे जुमुअह, एकत्र जमण्याचा दिवस, कारण त्या दिवशी दुपारची सामुदायिक नमाज असते. आपल्या बोलण्यातले जमा आणि जमात हे शब्द त्याच धातूतले. शेवटच्या ओळीतला आखिर म्हणजे आपला अखेर. तो मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

त्याच ओळीत एक चकवा आहे. सब्त आणि सबअह कानाला जवळचे वाटतात, म्हणून मुलांना वाटतं की शनिवार म्हणजे 'सातवा'. तसं नाही. सबअह म्हणजे सात, पण सब्तच्या मुळाशी थांबण्याचा, विसाव्याचा अर्थ आहे. ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या दिवसाचं, शब्बाथचं, नाव त्याच घराण्यातलं.

आता उच्चार. इथ्नैन आणि थुलाथामधला 'थ' आपल्या थंडीतला नाही. जिभेचं टोक दातांच्या मधे हलकेच ठेवून 'स' म्हणायला जा, म्हणजे तो निघतो. इजिप्तचे शिक्षक बोलीभाषेत तिथे साधा 'त' करतात, इत्नेन, तलात, आणि जुमुअहला गुमआ म्हणतात. मुलाने शाळेतून तसं ऐकून आणलं तर त्याला खोडू नका.

पहिल्या ओळीत यादी म्हणताना मी वारांना 'अल' जोडलेला नाही. एरवी तो लागतो: अल-अहद, अल-खमीस. मात्र 'थ' आणि 'स' यांच्यापुढे त्यातला 'ल' विरघळतो आणि पुढचं अक्षर दुप्पट होतं. म्हणून अल-सब्त न म्हणता अस्सब्त म्हणायचं, आणि अल-थुलाथाऐवजी अथ्थुलाथा. जुमुअहपुढे 'ल' तसाच राहतो, म्हणून गाण्यात थुम्मल जुमुअह येतं.

गाणं पाठ झालं की मुलाला मधूनच विचारा, अर्बिआनंतर काय? पहिल्या ओळीपासून सगळं म्हटल्याशिवाय उत्तर येत नसेल, तर त्याला अजून फक्त चाल आली आहे. मग रोज सकाळी त्या दिवसाचा एकच वार विचारत जा: अल-यौम, म्हणजे आज, कोणता? त्याने उत्तर दिलं की विचारा, गदन, म्हणजे उद्या, कोणता?