डाळिंबाचा रस, आवळ्याचा रस आणि सकाळची बीपीची गोळी

नमस्कार, श्रोतेहो.

मी फार्मासिस्ट. माझा सगळा दिवस औषधांच्या काउंटरमागे जातो. बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप हातात घेतली की पुष्कळजण आवाज थोडा खाली आणून विचारतात, "डाळिंबाचा रस सुरू केलाय. आता गोळी अर्धी केली तर चालेल ना?" थंडीत आवळे आले की आवळ्याच्या रसाबद्दलही हेच. आज या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो.

डाळिंबाच्या रसाने बीपी उतरतं का? थोडं उतरतं. माणसांवर झालेल्या लहान लहान चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर वरचा आकडा सरासरी पाचच्या आसपास खाली आलेला दिसतो, खालचा त्याहूनही कमी. म्हणजे १५० चं १४५. गोळी बंद करण्याइतकं हे नक्कीच नाही. शिवाय जिना चढून आल्यावर किंवा भांडण झाल्यावर आपलं बीपी दहा-पंधराने सहज वर जातं. त्यामुळे एका मोजणीवरून "रसाने उतरलं" म्हणण्यात अर्थ नाही. खरंच बघायचं असेल तर पाच मिनिटं पाठ टेकून, न बोलता बसा. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटाभराच्या अंतराने दोन-दोनदा मोजा. असं सात दिवस करा, पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीची सरासरी काढा. ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

आवळ्याची गोष्ट याहून साधी. बीपीच्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत आवळ्याचा अर्क देऊन पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत चाचणी झाली होती. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं बीपी काही विशेष उतरलं नाही. राहता राहिली प्रतिकारशक्ती. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर, यात शंका नाही. पण क जीवनसत्त्व रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, फार तर ती थोडी लवकर आटपते. बाटलीवर 'इम्युनिटी' असं ठळक छापलं म्हणून त्यात जास्त काही येत नाही. अमेरिकेत डाळिंबाचा रस विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने हृदयरोगापासून कर्करोगापर्यंत दावे केले, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगाने २०१३ साली त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. आपल्याकडे तर औषध म्हणून बीपी बरं करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी मोबाइलवर काय फिरतं, ते तुम्ही बघताच.

आता मुद्द्याचं. रस नुसता पिण्यात फारसा धोका नाही. तो कोणत्या गोळीच्या जोडीला आणि कोणाच्या पोटात जातोय, ते महत्त्वाचं.

समजा, एक अडुसष्ट वर्षांचे काका आहेत. मधुमेह जुना. टेल्मिसार्टन चालू आहे आणि पायावर सूज येते म्हणून स्पायरोनोलॅक्टोनही. क्रिएटिनिन १.८, म्हणजे मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करतायत. पोटॅशियम ४.९, म्हणजे अजून हद्दीत. या दोन्ही गोळ्या बीपीला चांगल्या, पण लघवीवाटे जाणारं पोटॅशियम त्या थोडं अडवून धरतात. मूत्रपिंडं धडधाकट असली तर ती जास्तीचं बाहेर टाकतात, म्हणून बऱ्याच लोकांना काही होत नाही. काकांना मात्र कोणीतरी रोज ग्लासभर डाळिंबाचा रस सांगितला. अडीचशे मिलिलिटरमध्ये सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम. बीपीसाठी म्हणून घरात 'लो सोडियम' मीठ आणलं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. दिवसभराच्या मिठातून, पाकिटाप्रमाणे, आणखी ४०० ते ८०० मिलिग्रॅम पोटात जातं. दुपारी एक शहाळं, त्यातून पुन्हा सहाएकशे. सगळं मिळून दीड हजाराच्या पुढे, आणि तेही बाहेर जायची वाट अरुंद असताना.

दोन आठवड्यांनी तपासलं तर पोटॅशियम ६.२. रस, मीठ, शहाळं, तिन्ही 'चांगल्या' गोष्टी, म्हणून डॉक्टरांना सांगावं असं कोणाला वाटलंच नाही. यात खरी पंचाईत अशी की बऱ्याचदा लक्षणंच दिसत नाहीत. कधी पायात ताकद राहत नाही, छातीत धडधडतं, किंवा थेट ईसीजी बिघडतो. म्हणून रक्ततपासणीशिवाय कळायला मार्ग नाही. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा खोटाच वाढलेला येतो, तेव्हा अनपेक्षित आकडा आला तर डॉक्टर पुन्हा नमुना मागवतात. त्यांना कंटाळू नका. पण छातीत धडधड आणि अशक्तपणा एकत्र आला, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.

हे ज्यांना लागू होतं, त्यांनी स्ट्रिपवरचं नाव बघायचं. शेवट 'सार्टन' असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन) किंवा 'प्रिल' असेल (रामिप्रिल, एनालाप्रिल), किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर रोजचा रस सुरू करण्याआधी विचारा. मीठ बदलण्याआधी तर नक्कीच. फक्त अम्लोडिपिन घेणाऱ्याला पोटॅशियमची ही काळजी नाही.

दुसरी जोडी आहे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. कृत्रिम झडप बसवलेल्या आणि वॉरफरिन किंवा असिट्रोम घेणाऱ्या लोकांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, ठरावीक हद्दीत ठेवावा लागतो. वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये डाळिंबाच्या रसाने आयएनआर चढल्याच्या आणि रस अचानक बंद केल्यावर उतरल्याच्या नोंदी आहेत. त्या तुरळक आहेत, पण झडप असलेल्या माणसाने आयएनआरशी खेळू नये. घेतच असाल तर रोज तेवढाच घ्या, आणि सुरू किंवा बंद करताना तपासणी लवकर करून घ्या. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, विनाकारण निळे डाग दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा.

डाळिंबाला लोक कधी कधी ग्रेपफ्रूटच्या पंक्तीत बसवतात, ते बरोबर नाही. ग्रेपफ्रूट काही गोळ्यांचं आतड्यातलं विघटन अडवतं आणि रक्तातलं औषध वाढतं. डाळिंबाच्या रसाने प्रयोगशाळेत तसं दिसलं, पण माणसांना असंच विघटन होणारं एक औषध रसासोबत देऊन पाहिलं तेव्हा फारसा फरक पडला नाही. आपल्याकडचं पपनस मात्र ग्रेपफ्रूटचं भावंड आहे. कोकणातली मंडळी निफेडिपिनसारख्या गोळ्यांवर असतील तर पपनसाचं विचारून घ्या.

आवळ्याच्या रसाचा त्रास जास्त करून वेळेचा. साखरेची ग्लिमेपिराइड घेणाऱ्या एखाद्या आजी सकाळी उपाशीपोटी तीस मिलिलिटर आवळारस घेतात, मागोमाग गोळी, आणि "रसानंतर तासभर काही खायचं नाही" म्हणून नाश्ता लांबवतात. दहाच्या सुमाराला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. इथे आवळ्यापेक्षा लांबलेला नाश्ता दोषी असतो. ग्लिमेपिराइड घेतली की लगेच खायचं. रस घ्यायचाच तर जेवणानंतर. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्यासोबत घ्या, आणि रस व चहा अर्ध्या-एक तासाने. मुतखडा होऊन गेलेल्यांनी आवळारस रोज पिऊ नये, यात ऑक्झलेटचा प्रश्न येतो.

आणि मधुमेह्यांसाठी एक हिशेब. ग्लासभर डाळिंबाच्या रसात साखर तीसएक ग्रॅम, वरून घातली नसली तरी. अख्खं डाळिंब दाणे चावून खाल्लं तर चोथा मिळतो आणि एका बैठकीत तेवढं खाल्लंही जात नाही. सोलापूर, सांगोल्याच्या बाजूचा चांगला भगवा मिळत असताना डबाबंद रस घ्यायची काय गरज, हे मला कधी कळलं नाही.

पुढच्या वेळी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे रस, चूर्ण, मीठ, जे घेता ते सगळं लिहून आणा. कागद एकच असला की आम्हालाही पटकन दिसतं. नमस्कार.