काचेवरचा जांभळा थर: सफायर, परावर्तन आणि ओरखडे

(घड्याळप्रेमींच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माझ्या हातातलं हे घड्याळ बघा. तबकडी काळी आहे, काटे पांढरे आहेत आणि काच सफायरची, थोडी फुगीर. ती बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या, वर साधारण एक मिलिमीटर उठून दिसते. घेतलं तेव्हा तिच्यावर दोन्ही बाजूंनी एआर कोटिंग होतं, म्हणजे परावर्तन मारणारा थर. तीन वर्षांनी मला वाटलं, काच फुटायला आली. कडेला पांढुरके पट्टे, मधोमध केसासारख्या चकाकत्या रेषा. सफायरला ओरखडा जात नाही असं आपण सगळे सांगत असतो, मग हे काय? आजचं सगळं बोलणं या एका काचेभोवती आहे.

आधी सफायरचा दोष सांगतो, कारण त्याच्याशिवाय कोटिंगची गरज कळत नाही. घड्याळातलं सफायर म्हणजे कृत्रिमरीत्या वाढवलेलं ॲल्युमिनियम ऑक्साईड. मोह्सच्या मापनात त्याचा कठीणपणा ९, त्याच्या वर फक्त हिरा. पण त्याचा अपवर्तनांक १.७७ आहे आणि साध्या काचेचा साधारण १.५२. हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश पृष्ठभागावरूनच माघारी फिरतो. सफायरच्या एका पृष्ठभागावरून ७.७ टक्के प्रकाश परत येतो. काचेला बाहेरचा आणि आतला असे दोन पृष्ठभाग, म्हणून एकूण १४ टक्क्यांच्या आसपास. साध्या काचेचा हिशेब ८ टक्के येतो आणि जुन्या ॲक्रिलिकचा त्याहून किंचित कमी. म्हणजे आजोबांच्या ॲक्रिलिकच्या घड्याळावर ओरखडे चटकन पडत, पण उन्हात वेळ मात्र बिनकोटिंगच्या सफायरपेक्षा नीट दिसे.

१४ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण वेळ वाचताना ते फार महागात पडतात. ढगाळ आभाळाखाली उभे आहात असं धरा. आभाळाची प्रखरता १०० मानू. काळी तबकडी अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ५ टक्के परत देते, पांढरे काटे ७५ टक्के. प्रकाश काचेतून जाताना एकदा आणि परत येताना एकदा गळतो, म्हणून काट्यांकडून डोळ्यापर्यंत सुमारे ५५ पोहोचतात आणि तबकडीकडून जेमतेम ४. आता या दोघांवर काचेवरून परतलेलं आभाळ, म्हणजे १४, सारखंच पसरतं. काटे झाले ६९, तबकडी १८. काटा तबकडीपेक्षा पंधरापट उजळ दिसायला हवा होता, तो चौपटीहूनही कमी दिसतो. काळी तबकडी राखाडी झाली ती यामुळे.

आतल्या बाजूला कोटिंग केलं की परावर्तन ८ टक्क्यांवर येतं आणि हे गुणोत्तर सहापट होतं. दोन्ही बाजूंना केलं आणि एकूण परावर्तन १ टक्क्यावर आलं, तर ते साडेबारा पट होतं. इथे जरा थांबा. आतलं कोटिंग निम्मं परावर्तन काढतं, पण वाचनीयतेतली मोठी उडी बाहेरचं कोटिंग देतं, कारण झाकोळ जितका कमी उरतो तितकी त्यातली प्रत्येक घट अधिक मोलाची ठरते. 'आतून कोटिंग आहे, तेवढं पुरे' असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद इथे आहे. पुरे असेलही, पण त्याने अर्धं काम झालं असं मात्र नाही.

कोटिंग हे करतं कसं? निर्वात कक्षात सफायरच्या चकत्या तापवून त्यांच्यावर एखाद्या पदार्थाची वाफ बसवतात. सर्वांत साधा पदार्थ म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराईड, अपवर्तनांक १.३८. जाडी ठेवायची साधारण १०० नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, तिला १.३८ने भागून तिचा चौथा हिस्सा घेतला की हा १०० येतो. थराच्या वरून परतलेला तरंग आणि थराच्या खालून परतलेला तरंग या जाडीला एकमेकांच्या अगदी उलट लयीत येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. सफायरवर हा पदार्थ साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त चांगला चालतो. एका थरासाठी आदर्श आकडा म्हणजे खालच्या पदार्थाच्या अपवर्तनांकाचं वर्गमूळ. १.७७चं वर्गमूळ १.३३, म्हणजे १.३८ अगदी शेजारीच. हिरव्यात उरतं ते एक-दशांश टक्क्याच्या आसपास. निळा आणि लाल मात्र थोडे उरतात आणि ते मिसळून जांभळी झाक दिसते. काचेवर जांभळं किंवा निळसर प्रतिबिंब दिसलं की ओळखायचं, थर आहे. हल्ली सिलिका आणि आणखी एखादं ऑक्साईड असे आलटून पालटून अनेक थर देतात. त्यांची एकूण जाडी दोन-तीनशे नॅनोमीटरच्या घरात जाते आणि सगळे रंग मिळून परावर्तन एका बाजूला अर्ध्या टक्क्याजवळ राहतं.

या कल्पनेला इतिहास आहे. लॉर्ड रॅलेंनी १८८६मध्ये पाहिलं होतं की हवेने काळवंडलेली जुनी काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आरपार सोडते. मुद्दाम थर देण्याची रीत मात्र जर्मनीत येना इथल्या कार्ल झाईसमध्ये ओलेक्सांदर स्माकुला यांनी १९३५मध्ये बसवली. ती दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांच्या भिंगांसाठी होती. भिंग कापडात गुंडाळून डब्यात ठेवता येतं. मनगटावरच्या काचेला ते सुख नाही.

आता माझ्या काचेकडे. सफायर ९, पण त्यावरचा थर मॅग्नेशियम फ्लोराईडचा असो की सिलिकाचा, क्वार्ट्झच्या जेमतेम बरोबरीचा किंवा त्याहून मऊ. आणि क्वार्ट्झ म्हणजे वाळू. रस्त्यावरच्या, बांधकामाच्या धुळीत त्याचे कण असतात, समुद्रकिनाऱ्यावर तर पायाखालीच. म्हणजे जी धूळ सफायरचं काहीही बिघडवू शकत नाही, ती वरच्या थराला सहज फाडते.

पण इतका पातळ ओरखडा दिसतो तरी कसा? तो फार तर तीनशे नॅनोमीटर खोल, नखाला लागत नाही. उत्तर असं की आपल्याला खोली दिसतच नाही, दिसतं ते उघडं पडलेलं सफायर. थराचा भाग अर्धा टक्का प्रकाश परत देतो आणि ओरखड्यातलं उघडं सफायर ७.७ टक्के. म्हणजे शेजाऱ्यापेक्षा पंधरापट उजळ रेष. कोटिंग जितकं उत्तम, तितका त्यावरचा ओरखडा ठळक. हे मला जेव्हा उमगलं तेव्हा माझी काळजीच बदलली.

बोटाच्या ठशांचंही तसंच. त्वचेच्या तेलाचा अपवर्तनांक दीडच्या जवळ असतो. उघड्या सफायरवर तेलाचं बोट लागलं तर परावर्तन ७.७वरून साडेचारच्या आसपास उतरतं, म्हणजे ठसा किंचित काळपट दिसतो आणि डोळ्याला टोचत नाही. कोटिंगवर तेच तेल पडलं की तरंगांचा हिशेब मोडतो आणि अर्ध्या टक्क्याच्या जागी चार टक्क्यांच्या वर प्रकाश परत येतो. ठसा पांढुरका, कधी रंगीत, लगेच खुपतो. मग आपण काय करतो? सदऱ्याचं टोक घेतो आणि पुसतो. टोकात धूळ, धुळीत क्वार्ट्झ. दिवसातून दहा वेळा. माझ्या काचेच्या मधल्या रेषा अशा पडल्या, मीच पाडल्या. कडेचे पट्टे मात्र दाराच्या चौकटी, टेबलाच्या कडा आणि बाहीने झिजवले, कारण फुगीर काचेची कड सगळ्यांच्या आधी लागते.

ओरखडा थराचा आहे की सफायरचा, हे ओळखायच्या दोन रीती मला उपयोगी पडतात. पहिली म्हणजे पाण्याचा थेंब. रेषेवर थेंब ठेवा आणि वरून बघा. पाण्याखाली थराचा भाग आणि उघडा भाग यांच्या परावर्तनात फारसा फरक उरत नाही, म्हणून थराची रेष बहुतेक मावळते. थेंब पुसला की परत येते. सफायरला खरीच खाच असेल तर पाण्याखालीही तिच्या कडा चमकतात, आणि लाकडी टूथपिकचं टोक तिच्यात अडकतं. दुसरी रीत ट्यूबलाइटची. काच कलती धरा, दिव्याची दोन प्रतिबिंबं दिसतील, एक बाहेरच्या पृष्ठभागाचं, एक आतल्या. दोन्ही मंद आणि रंगीत असतील तर दोन्ही थर आहेत. एक लख्ख पांढरं आणि एक जांभळं असेल तर फक्त आतला. बाहेरच्या थरावरून ते प्रतिबिंब हळूहळू सरकवा. जिथे जांभळ्याचं पांढरं होतं तिथे थर झिजला.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. सफायरपेक्षा मऊ धातू, उदाहरणार्थ दाराची पितळी कडी, काचेवर घासली की धातूच काचेवर उतरतो. राखाडी रेष दिसते, ती ओरखडा नसते. उघड्या सफायरवर साध्या खोडरबरने ती निघते. कोटिंग असेल तर खोडरबर वापरू नका, त्यातही बारीक कण असतात.

पुसायचं कसं, हे पुष्कळ जण विचारतात. आधी नळाच्या पाण्याखाली धूळ वाहून जाऊ द्या. घड्याळ पाण्यात चालणारं असावं आणि क्राऊन, म्हणजे चावीचं बटण, बंद असावा, हे आलंच. मग साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा आणि चष्म्याच्या धुतलेल्या कापडाने टिपा. कोरडं घासायचं नाही, एवढंच जपा.

झिजलेला थर पुन्हा देता येतो का? तत्त्वतः येतो, पण काच काढा, जुना थर उतरवा, निर्वात कक्षात घाला, नवं गॅस्केट बसवा, पाण्याची चाचणी करा. एका काचेसाठी कुणी हा खटाटोप करत नाही, नवी काच स्वस्त पडते. म्हणून मी दुसरा मार्ग घेतला, बाहेरचा थर काढून टाकला. बेझलवर चिकटपट्टी लावली, फेल्टच्या तुकड्यावर एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट घेतली आणि हलक्या हाताने गोल फिरवत गेलो. मध्येच धुवायचं आणि ट्यूबलाइटखाली कलतं धरायचं. जिथे अजून जांभळं आहे तिथे पुन्हा घासायचं. मधला भाग लवकर निघाला, कडेचा वेळ घेत होता. पेस्ट याहून खरखरीत घेऊ नका, नाहीतर हिरा सफायरलाच धुरकट करेल.

आता इथे दोन प्रतिबिंबं दिसताहेत ना, एक पांढरं आणि त्याच्यामागे बुडालेलं जांभळं? पट्टे गेले, रेषा गेल्या, ठसेही दिसेनासे झाले. उन्हात काटे मात्र पूर्वीइतके उठत नाहीत. साडेबारावरून सहावर आलो. माझ्या कपाटातल्या दुसऱ्या घड्याळाची काच सपाट आहे आणि बेझलच्या किंचित खाली बसते. त्याचा बाहेरचा थर पाच वर्षांनीही शाबूत आहे, तो मी कधीच काढणार नाही. नवं घेताना मी आता काचेची कड बेझलच्या वर आहे की खाली, हे बोट फिरवून बघतो. वर असेल तर आतल्या थरावर भागवतो, खाली असेल तर दोन्ही बाजूंचं कोटिंग मागतो.